आपल्या ताळेबंदास साष्टांग नमस्कार

मा. संचालक सर,


आपल्या क्लासचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. लिहिलं तर लॉ कॉलेज चौकापासून नंदनवनपर्यंत लागलेल्या आपल्या फलकांत आणखी एका फुकट फलकाची भर पडेल, आणि जाहिरातीवर आपण आधीच किती खर्च करता हे मला आता ठाऊक झालं आहे. कसं ठाऊक झालं, ते ओघात येईलच.

माझा भाचा वणीचा. 1 जून 2025 पासून आपल्या दोन वर्षांच्या बॅचला बसला. एकरकमी भरलं तर सवलत, म्हणून भाऊजींनी 1,41,600 रुपये एका दमात भरले: 1,20,000 फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 21,600. पाच महिने पोरगं शिकलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला इंजिनीअर व्हायचं नाही, आणि ऑक्टोबर संपताना ते गाशा गुंडाळून गावी परतलं. भाऊजी पैसे मागायला आले, तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी पावती उलटी करून मागचा मजकूर दाखवला. अक्षर तिळाएवढं, पण आशय डोंगराएवढा: 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही.' भाऊजी म्हणाले, "अवो ताई, एकोणीस महिने तर अजून शिकवायचेच हायेत ना?" ताई म्हणाल्या, "सिस्टीममध्ये फी जमा झाली की ती क्लासची."

सर, मी धंतोलीत बसून लोकांची विवरणपत्रं भरतो. 'जमा झाली की आपली' हे वाक्य ऐकून मला आपली काळजीच वाटली. कारण खरोखर असं असेल, तर आपण आयकराच्या दृष्टीनं फार भोळे आहात. दोन वर्षांची फी हातात पडली त्याच वर्षी सगळी उत्पन्न म्हणून दाखवायची आणि सगळ्यावर कर भरायचा? एवढा सज्जन माणूस नागपुरात आहे आणि आम्हाला पत्ता नाही!

म्हणून मी शंभर रुपये खर्च केले. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरलं की कोणत्याही कंपनीचा ताळेबंद कोणालाही पाहता येतो. आपला 31 मार्च 2024 चा ताळेबंद मी पाहिला आणि काळजी मिटली. आपण मुळीच भोळे नाही. हिशेबाच्या टिपांमध्ये आपणच लिहिलं आहे की फीचं उत्पन्न अभ्यासक्रमाच्या कालावधीत समान विभागून धरलं जातं. न शिकवलेल्या महिन्यांची फी आपण देणी या बाजूला टाकली आहे: 'आगाऊ मिळालेलं उत्पन्न'.

हे अगदी शास्त्रशुद्ध आहे, सर. सनदी लेखापालांच्या संस्थेचं लेखा मानक 9 शिकवणी फीबद्दल हेच सांगतं: उत्पन्न शिकवण्याच्या कालावधीत धरावं. माझ्या भाच्याचंच उदाहरण घ्या. 1,20,000 भागिले 24, म्हणजे महिन्याला 5,000. तो टिकला असता तर 31 मार्च 2026 ला दहा महिन्यांचे 50,000 आपलं उत्पन्न झाले असते आणि 70,000 देणी म्हणून उभे राहिले असते. जीएसटीचे 21,600 तर आपलं उत्पन्न कधीच नव्हते. ते सरकारचे, आपण मधले हमाल.

आयकर खात्याला मात्र ही पद्धत पूर्वी रुचत नसे. त्यांचं म्हणणं असं की पैसा आला, म्हणजे उत्पन्न झालं. हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. 2010 साली आयकर आयुक्त विरुद्ध दिनेश कुमार गोयल या प्रकरणात न्यायालयानं कोचिंग क्लास चालवणाऱ्याची बाजू मान्य केली: फी आगाऊ मिळाली तरी पुढच्या वर्षी जी सेवा द्यायची आहे तिच्या वाट्याची फी ही त्या पुढच्या वर्षाचीच कमाई. आपल्या धंद्यानं वकील लावून, पैसे खर्चून हा मुद्दा जिंकला आहे. भाऊजींनी काउंटरवर तोच मुद्दा फुकट मांडला आणि ते हरले.

माझं कौतुक नेमकं इथेच दाटून येतं. 31 मार्चला आयकर अधिकारी दारात आला की आपण म्हणता, 'साहेब, हा पैसा अजून माझा नाही, मी शिकवलेलं कुठे आहे?' आणि नोव्हेंबरात वणीचा बाप आला की म्हणता, 'काका, हा पैसा केव्हाच माझा झाला.' न शिकवलेल्या महिन्यांच्या त्याच फीबद्दल एकाच तोंडानं दोन्ही बोलायचं आणि मध्ये ठसकाही लागू द्यायचा नाही! हे आपण कोणत्या बॅचला शिकवता?

आता आपली बाजूही मांडतो, नाहीतर आपण म्हणाल मामा एकांगी लिहितो. पोरगं मध्येच गेलं की खुर्ची रिकामी राहते, नोव्हेंबरात नवा विद्यार्थी येत नाही, आणि भौतिकशास्त्राचे सर एक मुलगा कमी झाला म्हणून पगार कमी घेत नाहीत. यात तथ्य आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये इस्लामिक अकॅडमीच्या निकालात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या अशाच तक्रारीचा विचार केला होता. न्यायालयानं सांगितलं की फी एका वेळी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच घ्या. विद्यार्थी मध्येच जाईल अशी भीती असेल, तर फार तर बाँड किंवा बँक हमी घ्या. त्याउपर आगाऊ फी घेतलीच असेल, तर चालू सत्रापुरती वापरा, बाकीची राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवा आणि सत्र येईल तसतशी काढा. तो निकाल महाविद्यालयांबद्दलचा, हे मला मान्य आहे. पण न शिकवलेल्या सत्राचा पैसा खर्चायला मोकळा नसतो, हे तत्त्व आपल्या ताळेबंदालाही मान्य आहे. फक्त बँकेच्या खात्याला ते पटलेलं दिसत नाही.

ताळेबंदाच्या पानावर मला खरा धक्का बसला तो इथे. आगाऊ फीचं देणं सहा कोटींच्या आसपास आणि बँकेतली शिल्लक व ठेवी मिळून चाळीस लाख! उरलेला पैसा गेला कुठे? तो वर्धा रोडवरच्या नव्या शाखेच्या अनामत रकमेत, फर्निचरमध्ये आणि जाहिरातीत दिसतो. म्हणजे मुलांची बारावीची फी ती अकरावीत असतानाच फलकावर चढते. काउंटरवरच्या ताई 'परत मिळत नाही' म्हणाल्या, त्यात उद्धटपणा नव्हता; परत द्यायला उरलं नसणार, एवढंच. उत्पन्न चोवीस महिन्यांवर पसरवता येतं, पण खर्च झालेली रोकड पसरवता येत नाही. मग परतावा द्यायचा तर नव्या मुलांच्या फीतून, आणि नवी मुलं आणायची तर आणखी मोठ्या एकरकमी सवलतीवर. पालकांनी पाहायचं असेल तर हेच दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सवलत जितकी मोठी, तितकी आजच्या रोकडीची निकड मोठी, असा माझा आपला अंदाज असतो.

जानेवारी 2025 मध्ये फिटजीची नोएडा, गाझियाबादसह उत्तरेतली अनेक केंद्रं भर सत्रात बंद पडली, तेव्हा पालक हातात पावत्या घेऊन पोलीस ठाण्यात गेले. एप्रिलमध्ये ईडीनं छापे घातले आणि सांगितलं की चालू बॅचच्या मुलांकडून पुढच्या वर्षांसाठी सुमारे 206 कोटी रुपये गोळा केलेले होते. आपण तिथवर जाल असं मी म्हणत नाही. आपल्या पानावरचे दोन आकडे तसं म्हणू शकतील, आणि ते मी आपल्याच सहीखाली वाचले.

तर मुद्द्याचं. पाच महिने शिकवलंत, त्याचे 25,000 आपले, आनंदानं घ्या. उरले 95,000 आणि त्यांवरचा जीएसटी 17,100, एकूण 1,12,100. 'जीएसटी सरकारला भरून झाला, तो कसा देणार' असं आपल्या लेखापालांनी फोनवर विचारलं. त्यांना सांगा, क्रेडिट नोट काढा. मूळ बिल 2025-26 मधलं आहे, म्हणजे 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत ती दाखवून आपला कर कमी करून घेता येतो. सरकार आपल्याला परत देणार आणि आपण भाऊजींना नाही, असं झालं तर तो कर नव्हे, आपलं बक्षीस होईल. पुस्तकांचा गठ्ठा आणि पिशवी पहिल्याच दिवशी दिलीत, त्यांची किंमत कापायला माझी हरकत नाही. मात्र ती पावतीवर वेगळी छापलेली हवी होती. आमच्या पावतीवर एकच ओळ आहे: 'कोर्स फी'.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करावी, वसतिगृह आणि मेसचीसुद्धा. या सूचना म्हणजे राज्यानं लागू केल्याशिवाय कायदा नव्हे, हे आपल्या वकिलांनी आमच्या मागणीला दिलेल्या उत्तरात ठळक अक्षरांत लिहिलंच आहे. त्यांना एवढंच आठवण करून देतो की ग्राहक मंचांना त्या सूचनांची वाट पाहावी लागलेली नाही. सेहगल स्कूल ऑफ कॉम्पिटिशन विरुद्ध दलबीर सिंग या प्रकरणात राष्ट्रीय आयोगानं, दोन वर्षांची फी एकदम घेऊन मध्येच सोडणाऱ्याला परतावा नाकारणं योग्य ठरवलेलं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क शून्य आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, तोही फुकट. आपल्यासारखे संचालक असताना आमचे एवढे पैसे वाचतात, हे मी विसरणार नाही.

भाच्याच्या खोलीतला दुसरा मुलगाही सोडून चालला आहे. त्याची फी आपल्याला एका वित्त कंपनीनं एकदम दिली आणि त्याचे वडील तिला दरमहा हप्ता भरतात. मुलानं वर्ग सोडला तरी हप्ता सुटत नाही, कारण कर्ज त्यांच्या नावे आणि रक्कम आपल्या खात्यात. त्यांना मी दोन पत्रं लिहून दिली आहेत, एक आपल्याला आणि एक त्या कंपनीला, दोन्ही पोचपावतीसह. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी दोघांकडे कागद पोचलेला बरा.

सोबत पावतीची प्रत, 31 ऑक्टोबरचा सोडल्याचा अर्ज, भाऊजींच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि आपल्या ताळेबंदाचं ते एक पान जोडलं आहे. पानावर मी काही लिहिलेलं नाही, फक्त 'देणी' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आहे.

आपला,
मुलाचा मामा

ता. क.: भाची यंदा दहावीत आहे. आपलं रसायनशास्त्र उत्तम शिकवलं जातं असं भाचा अजूनही सांगतो, तेव्हा तिला आपल्याकडेच घालावं असं घरात चाललं आहे. पैसे महिन्याच्या महिन्याला, पाच तारखेच्या आत रोख आणून देऊ. एकरकमी सवलत नको.