उतू न जाणारं दूध

आमच्या घरी दूध तापवायचं शास्त्र एका ओळीत मावतं: वर येईपर्यंत समोरून हलायचं नाही. मी त्यात सुधारणा करायला निघालो त्याला कारण म्हैस. पुण्याबाहेरच्या एका गोठ्यातून ताजं, निरसं दूध मिळायला लागलं आणि त्याच सुमारास, उकळल्यावर दुधाची मूळ चव जाते, असं मी कुठेतरी वाचलं. माझ्या वाचनाची झळ घराला अधूनमधून बसत असते.

पिशवीतलं दूध डेअरीतून पाश्चराइज होऊनच येतं. ते पुन्हा उकळणं ही आपली सवय. गोठ्यातल्या दुधाचं तसं नाही. जनावर वरून ठणठणीत दिसलं तरी क्षयाचे किंवा ब्रुसेलोसिसचे जंतू दुधातून घरात येऊ शकतात. म्हणजे तापवायला तर हवं, पण उकळायचं नाही. यावर उपाय म्हणजे दूध ६३ अंशांवर सलग ३० मिनिटं धरून ठेवायचं. दुसरा पर्याय ७२ अंश आणि फक्त १५ सेकंद. आळशी माणसाला कोणता आवडेल हे सांगायला नको.

पण ७२चा रस्ता डेअरीवाल्यांचा. तिथं दूध पातळ पत्र्यांच्या फटींतून सरकत तापतं, मग एका नळीतून बरोबर तेवढे सेकंद जातं, आणि जरा कमी तापलेलं असेल तर एक झडप ते आपोआप मागे पाठवते. आमच्या पातेल्यात थर्मामीटरच्या काट्यावर ७२ आले तेव्हा त्याच्या दांडीचं टोक तळाला टेकलं होतं. ते उचलून मधोमध धरलं तर ६६. पातेल्यातल्या कोणत्या थेंबाला १५ सेकंद मिळाले आणि कोणाला मिळालेच नाहीत, हे त्या थेंबांनाच ठाऊक. मी निमूटपणे अर्ध्या तासाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

थर्मामीटरचं प्रकरण निराळंच. पहिल्यांदा मी तापाचा काढला, तो ४२च्या पुढे जात नाही. मग स्वयंपाकाचा, लांब दांडीचा विकत आणला. तो बरोबर आहे की नाही हे तपासावं म्हणून उकळत्या पाण्यात बुडवला, तर ९८! पाणी १०० अंशांना उकळतं हे मला चौथीपासून पाठ. तेव्हा यंत्र दोन अंशांनी कमी दाखवतंय असा निकाल मी दिला, आणि काट्यावर ६१ दिसले की खरे ६३ समजायचं ठरवलं. आईला हे गणित फार अभिमानानं समजावून सांगितलं. पुढे बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात दांडी धरली तेव्हा काटा शून्यावर नेमका थांबला. यंत्र खरं होतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि इथं पाणी ९८लाच उकळतं. म्हणजे तोवरची सगळी दुधं मी ६१वर ‘सुरक्षित’ केली होती.

दोन अंशांनी काय होतंय, असं मीही स्वतःला समजावून पाहिलं. पण अमेरिकेत आधी हा आकडा जवळजवळ ६२ होता, क्षयाच्या जंतूला पुरेसा. क्यू फीव्हरचा जंतू त्याहून चिवट निघाला म्हणून १९५६मध्ये तो एका अंशानं वाढवून ६३च्या जवळ नेला. तिथं लोक एका अंशासाठी नियम बदलत होते आणि मी माझ्या स्वयंपाकघरात दोन अंश सोडून देत होतो.

आता नीट मांडामांड केली. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलच्या डब्यात दोन लिटर दूध, दांडी मधोमध लटकवलेली. गॅस बारीक. ६१ आले की गॅस बंद करायचा, कारण बाहेरचं पाणी दुधापेक्षा गरम असतं आणि काटा गॅस गेल्यावरही चढत राहतो. माझा ६५च्या वर जाऊन थांबला. वर गेलं तर बिघडत नाही. खाली मात्र येता कामा नये. ६३च्या खाली घसरलं की झालेली मिनिटं बाद आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ६५च्या आसपासच ठेवावं. वर झाकणही हवं, कारण फेस आणि कडेला उडालेले थेंब दुधापेक्षा थंड राहतात आणि जंतूंना तेवढी जागा पुरते. डेअरीतल्या टाकीत यासाठी दुधाच्या वरची हवासुद्धा वेगळी तापवतात. मी अधूनमधून ढवळायचो आणि लगेच झाकण लावायचो. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, “नाही हो, तब्येत बरी आहे त्याची. दूध तापवतोय, पण उकळू देत नाहीये.”

सत्ताविसाव्या मिनिटाला मी दारावरचं कुरियर घ्यायला गेलो. परत आलो तर झाकण बाजूला होतं आणि आई किटली विसळून ते पाणी दुधात ओतत होती.

“आई! हे काय?”

“किटलीला किती दूध लागलं होतं बघ. वाया घालवायचं का?”

घोटभरच असेल, पण ते निरसं होतं. डब्यातल्या दुधाची सत्तावीस मिनिटं त्याला लागू होत नव्हती. त्याला उरलेली तीनच मिळणार होती. मी घड्याळ शून्यावर नेलं. आईनं सोफ्यावर बसून विचारलं, “पाश्चर असाच अर्धा अर्धा तास बसायचा का रे?” मी पाश्चरची बाजू घ्यायला गेलो आणि पुस्तक उघडून गप्प झालो. पाश्चरचं काम वाइन आणि बिअरवर होतं. दुधाला हे लावावं असं सुचवलं ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ सॉक्सलेटनं, १८८६मध्ये. त्याच्या आईचं मत नोंदलेलं नाही.

अर्धा तास पुरा झाला की खरी घाई. या तापमानाला रोगजंतू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि दूध कोमट पडून राहिलं की त्यांचं फावतं. मी डबा सिंकमधल्या थंड पाण्यात ठेवला, पाणी दोनदा बदललं, मग फ्रीजमधला सगळा बर्फ रिकामा केला आणि ढवळत राहिलो. गार झाल्यावर उकळत्या पाण्यानं धुतलेल्या बाटल्यांत भरून दूध फ्रीजमध्ये गेलं. चव? खरंच वेगळी. उकळलेल्या दुधाला येतो तो शिजका वास नाही, हलका गोडवा. मी एक ग्लास आईपुढे धरला. तिनं वरून पाहिलं आणि विचारलं, “साय कुठंय?”

साय नव्हती. ती उकळत्या, उघड्या दुधावर धरते. झाकणाखालच्या ६५ अंशांत तिला वाव नाही. घरच्या तुपाचा आठवड्याचा हिशोब माझ्या प्रयोगामुळे कोलमडला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच दुधाला विरजण लावलं आणि दही लागलं ते पळीवाढं. त्यालाही कारण आहे. दूध ८० अंशांच्या पुढे चांगलं तापलं की त्यातली काही प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात, तेव्हा दही घट्ट होतं. दह्यासाठी डेअरीवालेसुद्धा दूध ८५-९० अंशांपर्यंत नेतात. आई हे न वाचताच करत आली आहे, हे मी बोललो नाही. पण तिला ते कळलं असावं, कारण ती त्या दह्याचं ताक करताना गाणं गुणगुणत होती.

उरलेलं दूध मी पाहुण्यांना गार द्यायला जपून ठेवलं होतं. संध्याकाळी ते आले, मी बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि चवीच्या बारकाव्यांबद्दल त्यांना सांगायला बाहेर बसलो. आत आईनं ती सबंध बाटली चहाच्या पातेल्यात रिकामी केली आणि चांगल्या तीन उकळ्या आणल्या.