भाडं उतरेपर्यंत मुदत मिळावी

डॅलस, ६ सप्टेंबर

तीर्थरूप मामाजी,


मी सुखरूप पोचलो, हे आईने सांगितलंच असेल. विद्यापीठाला केलेल्या अर्जाची नक्कल तुम्ही मागितलीत. आपल्या ताईला पुढच्या वर्षी कामी येईल म्हणून सगळं नीट लिहितो.

माझ्या आय-२० वर हजर व्हायची तारीख होती १८ ऑगस्ट. वर्ग सुरू व्हायचे २५ तारखेला. आणि नागपूरहून दोहामार्गे १२ ऑगस्टचं भाडं १ लाख १२ हजार! मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर त्यांनी विचारलं, विमान विकत घेतोस का? ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अर्धा देश दोन-दोन बॅगा घेऊन अमेरिकेला निघतो. विमानातल्या स्वस्त जागा ठरावीकच असतात. त्या संपल्या की त्याच खुर्चीला पुढचा, महागाचा दर लागतो. तेच तिकीट ३१ तारखेला ६८ हजारांना दिसत होतं.

तुमचा सल्ला होता, आजी आजारी आहे असं लिही. कोळसा खाणीतल्या रजेच्या अर्जाला ते चालत असेल, इथे डॉक्टरचा दाखला मागतात. शिवाय आजी तेव्हा ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत, शेजारणीला सुनेच्या गोष्टी सांगत होती. बाबा म्हणाले, वर्धेचा पूल बुडाला असं लिही. ते निदान खोटं ठरलं नसतं, पण पूर ओसरायला तीन आठवडे लागतात हे कोण मानेल?

म्हणून खरंच लिहिलं. पहिला मसुदा तुमच्या वळणाचा झाला होता: ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की’, आणि मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात. तो फाडला. दुसरा असा होता:

‘माझी आय-२० वरील तारीख १८ ऑगस्ट आहे. त्या सुमाराचं विमानभाडं माझ्या कुटुंबाला झेपणारं नाही. दोन्ही तारखांच्या भाड्यांची चित्रं सोबत जोडली आहेत. मला ३१ ऑगस्टला पोचायची परवानगी मिळेल का? नसेल, तर शेवटची तारीख कोणती? तोवरचा अभ्यास मी घरून करीन. उत्तर येईपर्यंत तिकीट काढत नाही.’

यातलं ‘शेवटची तारीख कोणती’ हे वाक्य ताईने विसरू नये. नुसती परवानगी मागितली तर ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. तारीख विचारली की कोणाला तरी कॅलेंडर उघडावंच लागतं. आणि अर्ज आधी आपल्या विभागाला करायचा. विषय बदलायची मुदत कधी संपते, पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळा आहे का, हे त्यांनाच ठाऊक. त्यांचा होकार जोडून मग परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला. त्या कार्यालयाला सरकारी संगणकात आय-२० वरच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत माझी हजेरी नोंदवायची असते, त्यामुळे त्यांच्या हातात थोडी ढील असते, पण बेहिशेबी नाही. विद्यापीठाने नाहीच म्हटलं, तर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलून आय-२० वरची तारीख बदलून घ्यावी लागते. शिकवण्याचं काम मिळालं असेल, तर त्याचं प्रशिक्षण चुकवून चालत नाही, हेही तिला सांगा.

बाबांना मात्र मुदत मागणं कमीपणाचं वाटत होतं. मी त्यांना म्हटलं, १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं, तेव्हा त्यांनी परत येऊन तो पुरा करायला चार वर्षांची परवानगी मिळवली होती आणि १९२० साली ते परत गेलेही. मी तर दोन आठवडेसुद्धा मागत नाही. त्यावर बाबा गप्प झाले आणि चहा सांगितला.

उत्तर आलं: ३१ नाही, २८ पर्यंत या. मग २७ तारखेचं ७४ हजारांचं तिकीट काढलं. परवानगीचं पत्र छापून हातातल्या पिशवीत ठेवलं, मोठ्या बॅगेत नाही, कारण आय-२० वरची तारीख उलटलेली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने नेमकं तेच विचारलं, ‘उशीर का?’ पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं, भाड्याचा आकडा पाहून भुवया उडवल्या आणि शिक्का मारला.

आता हिशोब, कारण तुम्ही तो विचारणारच. तिकिटात ३८ हजार वाचले. पण खोलीचं भाडं १५ ऑगस्टपासूनच चालू होतं. रिकाम्या पलंगाचे सुमारे २०० डॉलर, म्हणजे १७ हजार गेले. उरले २१. स्वस्त तिकिटात एकच बॅग होती. दुसरीचे ९ हजार वेगळे भरले. उरले १२ हजार.

त्या दुसऱ्या बॅगेत मामीचं लाल तिखट, लाखोळीची डाळ, मुगाच्या वड्या आणि तुमचा आग्रहाचा पितळी तांब्या होता. तांब्या इथे छत्री ठेवायला वापरतो आहे. मामीला तेवढं सांगू नका.

आजीला नमस्कार, ताईला आशीर्वाद.

आपला,
भाचा