भक्तीला किती मार्क?

कार्तिकी एकादशी जवळ आली, तशी आमच्या इचलकरंजीच्या गल्लीतली विठ्ठल मंदिराची कमिटी जागी झाली. यंदा पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी अभंग लिहिण्याची स्पर्धा ठेवली आहे. परीक्षक म्हणून मला धरलं, कारण मी शाळेत मराठी शिकवते. शेजारच्या काकूंनाही धरलं, कारण महिला भजनी मंडळाची पेटी त्यांच्याकडे असते. संध्याकाळी कपडे काढायला गेले, तर काकू कुंपणापाशी माझीच वाट बघत उभ्या.

"काय गं, कमिटीचा कागद वाचलास का?"

"वाचला. भक्तिभाव चाळीस, नावीन्य तीस, गेयता तीस."

"आणि शंभर झाले की आरती! अगं, भक्तिभावाला चाळीस म्हणजे कुणाच्या काळजात किती विठ्ठल आहे ते आपण बघायचं? आणि समजा, एकाला अठ्ठावीस दिले नि दुसऱ्याला एकतीस, तर मधले तीन कशाचे?"

"तेच तर, काकू. नमुना म्हणून आलेल्या तीन कागदांवर काल रात्री हेच गुण लावून बघितले. पहिल्यात वीट आहे, कर कटीवर आहेत, चंद्रभागा, तुळशीमाळ, वैष्णवांचा मेळा, सगळं आहे."

"अध्यक्षांच्या भाच्याचा ना तो?"

"मी नाव बघितलं नाही."

"मी बघितलं. बरं, पुढे?"

"भक्तिभावाला अडतीस पडले. पाच नावं नि पाच विशेषणं असल्यावर कमी कसे द्यायचे? नावीन्याला आठ, गेयतेला पंचवीस. एकूण एकाहत्तर. दुसरा कागद सूतगिरणीत जाणाऱ्या मुलाचा." मी ओट्यावरची वही आणून वाचलं:

रात्रीच्या पाळीला, चाती घेते नाव,
तुझे कुठे गाव, पांडुरंगा?
माझा पडे खाडा, पगार कापती,
तुझे का मोजती, खाडे कोणी?

काकूंनी बोटावर अक्षरं मोजली. "सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही बसलंय. रात्रभर चातीची घरघर ऐकली असल्याशिवाय हे सुचायचं नाही. याला किती दिलेस?"

"नावीन्य सत्तावीस, गेयता सव्वीस. पण कमिटीतले एक काका म्हणाले, देवाचे खाडे मोजतो म्हणजे काय, भक्तिभावाला पंधराच द्या. झाले अडुसष्ट. पहिल्यापेक्षा तीन कमी."

"म्हणजे भाचा पहिला! काकांना विचार, नामदेव विठ्ठलाशी भांडले नाहीत का? जनाबाईनं त्याला काय काय सुनावलंय, ते काकांनी मंदिरात मोठ्यानं म्हणून दाखवावं. चोखोबा तर दाराबाहेर उभं राहून जाब विचारत होते. सगळ्यांना पंधरा-पंधरा देणार का?"

"मग भक्ती बघायचीच नाही? उद्या कुणी विठ्ठलाला सेल्फी काढायला लावेल."

"बघायची, पण गुण द्यायचे नाहीत. उंबरठा ठेवायचा, आत किंवा बाहेर. मी कसं ओळखते सांगू? भांडण देवाकडे तोंड करून असतं, टवाळी लोकांकडे तोंड करून. हा पोरगा पांडुरंगालाच विचारतोय, उत्तर मागतोय. सेल्फीवाला देवाला काही विचारत नाही, समोर बसलेल्यांना हसवतो. दुसरं, कुणा जातीला, कुणा भक्ताला खाली दाखवलेलं चालणार नाही. एवढ्यात जो बसेल तो आत."

"आणि आपल्या दोघींचं नि काकांचं मत वेगळं पडलं तर?"

"तिघांचं एक झाल्याशिवाय कुणाला बाहेर काढायचं नाही. आणि काढलं तर कारण लिहून द्यायचं. लिहायला बसलं की काकांचा राग निम्मा उतरतो."

"मग शंभर गुण वाटायचे नावीन्यात नि गेयतेत, पन्नास-पन्नास. पण मुलं नावीन्य म्हणजे अवघड शब्द समजतात. तिसरा कागद बघा, 'अस्तित्वप्रश्नांचे' असा चरण आहे."

"अ, स्ति, त्व, प्र, श्नां, चे. सहाच आहेत की!"

"मोजायला सहा. म्हणून बघा."

काकूंनी मांडीवर ठेका धरला. एकदा सावकाश म्हटलं, मग लय चढवली आणि तिसऱ्या फेरीत हसायला लागल्या. "जीभ अडकते गं! अभंगात ऱ्हस्व-दीर्घ मोजत नाहीत, जोडाक्षरही एकच धरतात, ते खरं. पण एकाला लागून एक चार जोडाक्षरं आली की कागदावरची सहा तोंडात नऊ होतात. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरं म्हटल्यावर उरलेली जागा शेवटचं अक्षर ओढून भरतो आपण. तिथे आ, ई, ए असलं की आवाज पसरतो."

"आणि शब्द मध्येच तुटला तर? मागे एकानं लिहिलं होतं, 'तुझ्या दारी पांडु' आणि पुढच्या चरणात 'रंगा आलो आम्ही'."

"देवाचेच दोन तुकडे! अक्षरं बरोबर, पण टाळकरी 'पांडु'वर थांबणार. म्हणून गेयता वाचून ठरवायची नाही. मंडळातल्या चौघींना कागद द्यायचा, तालीम न करता, आम्हाला येणाऱ्या एकाच चालीवर. दुसऱ्या फेरीला चौघी एकत्र आल्या तर पन्नासातले चाळीस नक्की. तिसऱ्या फेरीलाही कुणी अडखळली तर वीसच्या खाली."

"मुलांनी स्वतः गायचं नाही?"

"मुळीच नाही. गोड गळ्याचा पोरगा वाटेल ते गोड करतो, आणि सिनेमाची चाल आणली की आपण चालीलाच माना डोलावतो. स्पर्धा शब्दांची आहे. फक्त एक अडचण. एकच चाल वापरायची तर छंद ठरवून द्यावा लागेल. सहा-सहा-सहा-चारचा मोठा अभंग. आठ-आठचा लहान अभंग हवा असेल त्यांच्यासाठी दुसरी चाल. मुक्तछंदवाल्यांना सांग, पुढच्या वर्षी."

"आता नावीन्य. मी असं करणार आहे, काकू. वीट, कटी, तुळस, चंद्रभागा, वारी अशा ओळी पेन्सिलनं खोडायच्या नि उरलं काय ते बघायचं. पहिल्या कागदात काहीच उरत नाही. दुसऱ्यात पाळी, चाती, खाडा, पगार उरतात."

"पण वीट आली म्हणून गुण कापू नकोस हं. विठ्ठल उभा राहणार कशावर?"

"कापत नाही. त्या विटेला त्यानं स्वतःचं काय जोडलं, त्याचे गुण. सावता माळ्यानं मळा आणला, गोरोबांनी माती आणली, सेना महाराजांनी आपला न्हाव्याचा धंदा आणला. या पोरानं गिरणी आणली."

"लाव बघू नवे गुण."

"पहिल्याला नावीन्य तेरा, गेयता बेचाळीस. पंचावन्न. गिरणीवाला पंचेचाळीस नि त्रेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. अस्तित्ववाल्याला नावीन्याचे चाळीस मिळाले, तरी गेयतेत तेरा."

"झालं तर मग. कागदांवर नाव नको, फक्त नंबर."

"तिथेच घोळ आहे. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात नाममुद्रा येते. नंबर टाकला तरी खाली 'अमका म्हणे' असणारच."

"मुद्रेची जागा कोरी ठेवायला सांग. निकाल लागल्यावर भरतील. गाताना आम्ही तिथे 'दास म्हणे' म्हणू."

"आणि अध्यक्षांच्या भाच्याचं अक्षर? बॅनरपासून वर्गणीच्या पावत्यांपर्यंत सगळं तोच लिहितो. गल्लीतलं पोरसुद्धा ओळखेल."

"मग सगळे कागद तूच तुझ्या हातानं उतरवून काढ. शुद्धलेखन मात्र सुधारू नकोस, नाहीतर सगळ्यांना तुझेच गुण मिळतील."