रकाना क्रमांक सात

बजेटमध्ये नसलेल्या खर्चाला फायनान्स हेडची मंजुरी हवी असेल तर एक फॉर्म भरावा लागतो. त्यातला सातवा रकाना असा: ‘सदर अनपेक्षित खर्चाची पूर्वकल्पना बजेटच्या वेळी का देण्यात आली नाही?’

हा रकाना ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा. अवचित आलेल्या पाहुण्याला दारातच अडवून ‘अवचित येणार आहात हे महिनाभर आधी कळवायला काय झालं होतं?’ असं विचारण्याची ही हिंमत आहे. आपण सगळे हा रकाना मुकाट्याने भरतो.

चाकण घ्या, सातपूर घ्या, वाळूज घ्या. मेंटेनन्सचा माणूस सगळीकडे एकच. हाताला ग्रीस, खिशात टॉर्च, इंग्रजी जेमतेम. त्याने फायनान्स हेडसाहेबांना मेल केला. तो मेल माझ्या मते मॅनेजमेंटच्या कॉलेजात धडा म्हणून लावावा. मेल असा:

‘सर, कॉम्प्रेसर क्र. २ चं तापमान एरवी ८८ अंश असतं, ते १०२ वर गेलंय. ११० ला मशीन आपोआप बंद पडतं. कूलर धुतला, तेल बदललं, फरक नाही. जुन्या तेलात धातूचा चुरा सापडला, म्हणजे बेअरिंग खराब झालंय. आत्ता ओव्हरहॉलिंग केलं तर १,८५,००० रुपये. जीएसटी वेगळा, पण त्याचं क्रेडिट मिळतं. नाही केलं तर बेअरिंग जाम होऊन आतले रोटर घासतील आणि अख्खा एअर-एंड बदलावा लागेल: ६,५०,०००. तो यायला चार आठवडे. तोवर भाड्याचा डिझेल कॉम्प्रेसर, भाडं आणि जादा इंधन मिळून दिवसाला २०,००० प्रमाणे २८ दिवसांचे ५,६०,०००. म्हणजे १,८५,००० की १२,१०,०००, एवढाच प्रश्न आहे. यंदा शेडचं रंगकाम पुढे ढकललंय, त्याचे २,००,००० शिल्लक आहेत, त्यातून भागेल. रविवारी लाइन बंद असते, तेव्हा काम उरकायचं तर शुक्रवारी दुपारपर्यंत ऑर्डर गेली पाहिजे. कृपया त्याआधी मंजुरी द्यावी ही विनंती.’

बघा, यात काय नाही? काय बिघडलं, कशावरून, किती लागतील, नाही दिले तर किती जातील, पैसे कुठून काढायचे, आणि शुक्रवारच का. जीएसटी बाजूला काढून दाखवलाय, कारण क्रेडिट मिळणारा कर खर्चात धरून आकडा फुगवला की फायनान्सवाल्यांचा पहिला अर्धा तास तिथेच जातो, हेही या माणसाला ठाऊक आहे. ‘अत्यंत तातडीचे’ असं लाल अक्षरात कुठेही नाही. तातडी त्याने ११० या आकड्यात आणि शुक्रवार या वारात ठेवलीय.

साहेबांचं उत्तर एका ओळीचं: ‘रकाना ७ रिकामा आहे.’

आता आली का पंचाईत! काय लिहायचं? ‘बेअरिंगने फेब्रुवारीत कळवलं नव्हतं’? बेअरिंग ही फार आतल्या गाठीची जात. कॅटलॉगमध्ये तिचं आयुष्य म्हणून जे तास छापलेले असतात, ते शंभरातली दहा निकामी होईपर्यंतचे. आपलं बेअरिंग त्या दहांतलं की नव्वदांतलं, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. मेंटेनन्सच्या माणसाने मात्र ते बजेटच्या मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘बिघाड अचानक उद्भवला.’ फॉर्म परत आला: ‘अचानक का, ते स्पष्ट करावे.’ त्याने लिहिलं, ‘झीज झाल्यामुळे.’ फॉर्म परत आला: ‘झीज हळूहळू होते, मग अचानक कशी?’ बिनतोड युक्तिवाद! तर्कशास्त्राचे एवढे मोठे पंडित टॅलीच्या पडद्यामागे कुजतायत, याचं दुःख होतं. पुढच्या खेपेला फॉर्मसोबत बेअरिंगची जन्मपत्रिका जोडावी, म्हणजे साडेसाती कधी लागणार हे बजेटच्या आधीच कळेल, आणि मंगळ असलेली बेअरिंग खरेदी विभागानेच दारातून परत पाठवावीत.

पण हसण्यावारी किती नेणार? रकाना सातचं खरं उत्तर त्या माणसाकडे होतं. फेब्रुवारीत त्याने बजेट दिलं, त्यात एक ओळ होती: ‘आकस्मिक दुरुस्ती, ४,००,०००.’ ती याच साहेबांनी खोडली. शेरा मारला: ‘नेमकी कशाची दुरुस्ती? तपशील नाही.’ अरे, तपशील असता तर ती आकस्मिक कशी असती? जिचा तपशील देता येतो ती दुरुस्ती बजेटमध्ये वेगळी मांडलेली असतेच. जिचा देता येत नाही तिच्यासाठीच तर ती ओळ होती! म्हणजे फेब्रुवारीत ‘नक्की काय मोडणार ते सांगा, नाहीतर पैसे नाहीत’, आणि ऑगस्टमध्ये ‘मोडणार हे आधी का सांगितलं नाही?’ साहेबांना संचालकांपुढे बजेट आणि खर्चातल्या फरकाचा जाब द्यावा लागतो, हे मान्य. पण मग ती ओळ ठेवायची आणि वर्षअखेरीला उरलेले पैसे अभिमानाने परत दाखवायचे. ते नाही. आकडा गोंडस दिसावा म्हणून ओळ खोडायची आणि तिचा जाब ग्रीसचे हात असलेल्याला विचारायचा. आणि त्या बिचाऱ्याने रकान्यात ‘तुम्हीच खोडली’ असं लिहायचं नाही, कारण इन्क्रीमेंटच्या फॉर्मवरही सही साहेबांचीच.

शेजारच्या प्लान्टमधला त्याचा जोडीदार असल्या भानगडीत पडत नाही. प्लान्ट हेडच्या अधिकारात ५०,००० पर्यंतचा खर्च बसतो, म्हणून तो ४९,५०० ची बेअरिंग, ४८,००० ची सील, ४९,००० ची मजुरी आणि ३८,५०० चं ‘किरकोळ’ अशा चार ऑर्डरी काढतो. बेरीज करून बघा, तेच १,८५,०००. ऑडिटर कधीतरी पकडतो, ताशेरा ओढतो, चहा पितो. कॉम्प्रेसर मात्र सोमवारी सुरू झालेला असतो. सरळ माणसाला आडवळण शिकवायचा याहून चांगला क्लास नाही.

आपल्या माणसाने तसं केलं नाही. त्याने ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवला. मग आणखी एक. शुक्रवार गेला. रविवारही गेला.

बुधवारी पहाटेच्या पाळीत बेअरिंग जाम झालं. साडेसातला फोन, आणि पावणेआठला तोंडी मंजुरी! साडेसहा लाखांचा एअर-एंड, डिझेल कॉम्प्रेसर, सगळं पंधरा मिनिटांत. कारण ब्रेकडाऊनचा फॉर्म वेगळा असतो आणि त्याला रकाने फक्त सहा. शिवाय अकाउंट्समधल्या एका हुशार पोराने सुचवलं, की दुरुस्ती केली असती तर ती याच महिन्याच्या नफ्यातून वजा झाली असती. नवा एअर-एंड मात्र भांडवली खर्चात टाकता येईल, तो मालमत्तेत दिसेल. साहेबांचा चेहरा खुलला.

महिनाअखेरच्या आढाव्यात साहेबांनी पडद्यावर तक्ता लावला. डाव्या बाजूला, हिरव्या अक्षरांत: ‘नामंजूर केलेले अनियोजित खर्च – बचत १,८५,००० रुपये.’