पुनरुक्तीचे शत्रू

आमच्या वऱ्हाडात इंग्रजीच्या निवृत्त सरांची एक जात आहे. अमरावतीला राजापेठेत उभे राहा नाहीतर अकोल्याला जुन्या शहरात, ती तुम्हाला भेटेलच. खिशात लाल पेन, आणि लग्नपत्रिका हातात आली की आधी त्यातल्या स्पेलिंगवर नजर. आमचे सर हे या जातीचे अस्सल वाण. नोकरीभर त्यांनी विद्यार्थ्यांच्या निबंधांत एकच गोष्ट निष्ठेने खोडली, ती म्हणजे पुनरुक्ती. एक शब्द एका परिच्छेदात दोनदा आला की लाल रेघ, आणि तिसऱ्यांदा आला तर पालकांना बोलावणं.

अशा माणसावर अंगाईचं भाषांतर करायची पाळी आली.

मुलगा अमेरिकेत, सून तिकडचीच, नात पाळण्यात. काकूंनी फोनवर नातीसाठी आपल्या आईची अंगाई म्हटली. काकूंचं माहेर अकोल्याचं. ही अंगाई घरातच जुळवलेली, ती कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही. सुनेला ती फार आवडली, आणि इंग्रजीत मिळाली तर रोज म्हणेन, असं ती बोलून गेली. सरांनी चष्मा पुसला. अंगाई अशी:

डोल गं झोळी, डोल डोल,
निजला कापूस बोंडात खोल;
डोल गं झोळी, डोल डोल,
निजली चिमणी, नको गं बोल.

सरांचा पहिला खर्डा मी वाचला आहे. पहिली ओळ होती, 'ओ सस्पेंडेड क्लॉथ क्रेडल, काइंडली ऑसिलेट.' दुसऱ्या ओळीत कापूस बोंडामध्ये चक्क 'रिटायर' झाला होता, सरांसारखाच. तिसरी ओळ म्हणजे पहिलीच पुन्हा, आणि ती तशीच लिहायला लाल पेन धजेना. म्हणून तिथे होतं, 'वन्स अगेन, आय रिक्वेस्ट.' खाली टीपही होती. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या कापसावर पडली आणि खामगावच्या बाजाराला तेजी आली, असं सगळं. टीप अंगाईच्या तिप्पट होती.

काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहो, हे गानं हाय का कोर्टाची नोटीस?"

सर रुसले, पण कामाला लागले. दुसऱ्या खर्ड्यात साधे शब्द आले आणि 'डोल डोल'च्या जागी 'रॉक, रॉक' आलं. अर्थाने बिनचूक. काकूंनी दिवाणखान्यात जुन्या लुगड्याची झोळी बांधली, आत उशी टाकली, दोरी हातात घेतली आणि सरांना म्हणायला लावलं. मी समोरच्या खुर्चीत होतो. पहिल्या 'रॉक'लाच काकूंचा हात अडखळला.

"हा क मंधी टोचते जी. हात थांबते माहा."

भाषांतराची एवढी नेमकी परीक्षा मी कुठल्या विद्यापीठात पाहिली नाही. 'डोल'मधला ओ हवा तेवढा ताणता येतो, आणि शेवटचा ल जिभेवर रेंगाळतो. 'रॉक'चा क घशात दार लावून घेतो. मग सरांनी 'स्लीप' लावून पाहिलं. त्यातला ई लांबतो खरा, पण शेवटच्या प ला ओठ मिटतात आणि सूर तिथेच तुटतो. उशीला दोन्ही वेळा गचके बसले. इंग्रज आयांनाही हे पूर्वीपासून कळत असावं. त्यांच्या अंगायांत 'बाय' आणि 'लल्ला' उगाच घोळत नाहीत. त्यांच्या सगळ्यांत प्रसिद्ध अंगाईत 'रॉक' आहे, पण त्याच्या पाठोपाठ लगेच 'अ-बाय' येऊन तो क सावरून घेतं. सरांनी ती काकूंना समजावून सांगितली. शेवटी फांदी मोडते आणि पाळणा बाळासकट खाली येतो, हे ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "हे पोट्टं निजवते का पाडते?"

त्यानंतर सरांनी प्रथमच अर्थ बाजूला ठेवला. काकूंना म्हणाले, शब्द नकोत, नुसती गुणगुण. काकू गुणगुणत दोरी ओढत राहिल्या आणि सर कागदावर ठिपके देत बसले. एका ओळीला चार ठिपके पडले, दोन जाताना आणि दोन येताना. मराठीत आपण स्वर ओढून ओळ मापात बसवतो, त्यामुळे अक्षरं कमीजास्त झाली तरी चालतं. इंग्रजीत आघात शब्दालाच चिकटलेला असतो, तो हलवता येत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर आघाताचं अक्षर यायला हवं, आणि ओळीच्या शेवटी उघडा स्वर. या दोन अटी ठरल्यावर शब्द शोधणं सोपं झालं. म्हणजे सरांना आठवडा लागला, पण शब्द मिळाला, 'स्वे'. अर्थ डोलण्याचाच, आणि शेवटी तोंड उघडं.

स्वे, लिटल क्रेडल, स्वे, स्वे, स्वे,
कॉटन इज स्लीपिंग, टक्ड अवे;
स्वे, लिटल क्रेडल, स्वे, स्वे, स्वे,
स्पॅरो इज स्लीपिंग, नथिंग टु से.

यात काय गेलं ते सरांकडूनच ऐकावं. 'गं' गेला. तो इंग्रजीत आणायला त्यांनी 'डिअर' घालून पाहिलं, पण त्याने अंगाईचा अर्ज झाला. शेवटी 'लिटल'वर भागवलं. बोंडही गेलं. त्याचा त्यांना जास्त त्रास झाला, कारण बोंडाला इंग्रजीत 'बोल'च म्हणतात आणि ते आपल्या 'डोल'शी फुकटात जुळत होतं. पण काकूंनी निकाल दिला, "थ्या पोरीले बोंड काय माईत?" आणि त्या बोंडाबरोबर यादवी युद्धाची टीपही गेली.

राहिलं ते महत्त्वाचं होतं. मुळात 'निजला', 'निजली' असं दोनदा येतं. पहिल्यांदा सरांनी चिमणीसाठी 'स्लंबरिंग' लिहिलं होतं, सवयीने. काकूंची मान लगेच वर झाली. बाळ झोपतं ते पुढची ओळ त्याला आधीच माहीत असते म्हणून, आणि नवा शब्द आला की ते डोळे उघडून बघतं. सरांनी 'स्लंबरिंग' खोडून तिथे पुन्हा 'स्लीपिंग' लिहिलं. लाल पेनानेच. मी साक्षीला होतो.

ब्राह्म्सची 1868 सालची अंगाई मूळची जर्मन. इंग्रजीत ती त्याच चालीवर गातात, शब्द मात्र जर्मनशी काटेकोर जुळत नाहीत आणि त्याबद्दल कुठल्या बाळाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. हे सर आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, जणू ब्राह्म्स त्यांच्याच कॉलेजात होता.

सून सरांची अंगाई रोज म्हणते. क्रेडल तिकडे बॅटरीवर हलतं आणि त्याचा वेग काकूंच्या हातापेक्षा जास्त आहे, म्हणून तिने बटण बंद करून हाताने हलवायला सुरुवात केली आहे.

सरांनी आता बारशाचा पाळणा हाती घेतला आहे. त्यात पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत दिवसागणिक कडवं, आणि प्रत्येक कडव्याला तीच शेवटची ओळ. पण तो जाग्या पाहुण्यांसमोर म्हणायचा असतो, तेव्हा टिपांना वाव आहे, असं त्यांचं मत. तुमच्या घरी आजीचा एखादा पाळणा असेल, तर कृपा करून सरांना कागदावर लिहून देऊ नका. काकूंना म्हणून दाखवा.