पाइप कोणाच्या बांधीतला?

"बाई, आहात का घरी? आमच्या पुतणीचा निबंध सरांनी वापस केला वो!"

काकू कुडापाशी आल्या की नमस्काराच्या आधी बातमी येते. पुतणी मराठी माध्यमातून बी.ए. करते. निबंधाचा विषय होता उन्हाळी धान आणि पाणी. इटियाडोहच्या कालव्यावर वाढलेल्या पोरीला याहून घरचा विषय कोणता मिळणार? पण तिनं फोनवर एक इंग्रजी लेख धुंडाळला, जागून तो मराठीत उतरवला आणि वर स्वतःचं नाव घातलं.

"चोरी म्हणतात सर! एक वाक्य कुठून उतरवलं नाही पोरीनं. मराठी तर तिचीच ना?"

"मराठी तिची. पण पाइप कोणाचा?"

वही मी पाहिली होती. त्यात लिहिलं होतं की बांधीत सतत पाणी साठवू नये. भोकं पाडलेला पाइप चिखलात उभा गाडावा, त्यातलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर उतरलं की पुन्हा 5 सेंटिमीटर पाणी द्यावं. पाणी वाचतं, मिथेन वायूही कमी निघतो. हे सगळं खरं आहे. फिलिपीन्समध्ये लॉस बान्योसला 1960 पासून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत रुजवली. पण पोरीनं पुढं लिहिलं, 'आम्ही आमच्या शेतात हे करून पाहिलं.'

काकू हसल्या. "तिच्या बापानं? तो तं बांधीतलं पाणी जराही हटू देत नाही."

"तेच सरांनी विचारलं असेल. मूळ लेखातलं 'आम्ही' म्हणजे तिथले शास्त्रज्ञ. नाव गाळलं की ते 'आम्ही' तिच्या घरी येऊन बसलं."

"असं होय! पण एवढ्याशा निबंधाला कोण पाहते?"

आता मलाही चेव आला. म्हटलं, यूजीसीच्या 2018 च्या नियमात दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं यालाच वाङ्मयचौर्य म्हटलंय. कल्पना इंग्रजीतून मराठीत आली म्हणून तिचा धनी बदलत नाही. तपासायचं सॉफ्टवेअर मजकुराला मजकूर ताडून पाहतं, भाषा बदलली की बऱ्याचदा चकतं. म्हणून पोरांना वाटतं सुटलो. सर मात्र चकत नाहीत. एरवी गावातल्यासारखं लिहिणारी पोरगी अचानक 'असे निदर्शनास आले आहे की' म्हणू लागली, की त्यांना कळतं. आगरकरांनी 1883 मध्ये 'विकारविलसित' छापलं, तेव्हा ते शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' आहे हे लपवलं नाही. त्यानं आगरकर लहान झाले का?

"तुमचे आगरकर राहू द्या. पोरीनं करायचं काय ते सांगा."

सुरुवातीलाच सांगावं की पुढचे मुद्दे अमक्या लेखकाच्या अमक्या सालच्या इंग्रजी लेखातले आहेत, मराठी अनुवाद माझा. वाक्य जसंच्या तसं आणलं तर अवतरणचिन्हात. आपल्या शब्दांत सांगितलं तरी नाव हवंच. शेवटी लेखक, साल, मासिक आणि लेखाचं मूळ इंग्रजी नाव, म्हणजे सरांना लेख हुडकता येईल. धानाला पाणी लागतं, एवढ्याला मात्र कोणाचं नाव नको. ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. आणि हाच अनुवाद उद्या कुठं छापायचा झाला, तर नाव देऊन भागत नाही. अनुवादाचा हक्क मूळ लेखकाकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असतो, परवानगी लागते.

"हुडकून सर काय करतील?"

इथं मी जरा गंभीर झाले. निबंध लांबतो म्हणून पोरीनं लेखातला एक परिच्छेद गाळला होता. त्यात होतं की फुलोऱ्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर बांधी सुकू द्यायची नाही, 5 सेंटिमीटर पाणी ठेवायचंच. नाहीतर दाणा भरत नाही. मूळ लेखाचा पत्ता नसता तर हे गळलंय, हे कोणाला कळलं असतं? एखाद्यानं निबंध वाचून ऐन फुलोऱ्यात पाणी तोडलं तर?

काकूंचा चेहरा उतरला. धानाचं नुकसान म्हटलं की त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

"पण मग बाई, लेख त्यायचा, पाइप त्यायचा. पोरीचं काय उरलं?"

"उरलं ना! पाइप पाहून पाणी द्यायचं तर पाणी हाताशी पाहिजे, मोटार चालू केली की आलं असं. कालव्याचं पाणी पाळीनं येतं. पाइपात पाणी 15 सेंटिमीटर उतरलं आणि पाळीला आठ दिवस असले, तर काय करायचं? हे त्या लेखात नाही. हे तिनं लिहावं, तिच्या नावानं."

"तं तिच्या बापालाच विचारू दे," काकू म्हणाल्या. "आपली बांधी कालव्याच्या शेवटाला. पाळी असली की रात्रभर तोच तं बसते कालव्यावर, वरच्यांनी पाणी फोडू नये म्हणून. पण बाई, त्यानं सांगितलं तं त्याचंबी नाव लिहा लागते का?"

"लागते."

"मग तं तो गावभर सांगत फिरल!"