शुगरची मशीन कशी घ्यावी : नवशिक्यांसाठी, वर्धा जिल्हा आवृत्ती

पहिला नियम म्हणजे मशीन स्वतः घेऊच नये. दिवाळीत पुण्याहून पोरगा येतो, तो आणतोच. मोबाइलला जोडणारी, देखणी, सोबत दहा पट्ट्या. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची बोटं टोचावीत, शेजारच्या काकूंची आणि धडधाकट जावयाचीसुद्धा. संध्याकाळपर्यंत दहाही पट्ट्या संपल्या की रिकामी डबी खिशात घालून आर्वीच्या बाजारात निघावं.

मेडिकलमधला पोरगा डबी उलटसुलट करून पाहतो. "काकाजी, हे पट्टी इथं नाही भेटत. नागपूरहून मागवून देतो, पन्नासचीच येते."

खरं शिक्षण इथून सुरू होतं. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या मशीनला चालत नाही आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही आपसात जमत नाही. मशीन स्वस्तात किंवा फुकट मिळते ती म्हणूनच, कमाई पट्टीवर असते. तेव्हा उलटं चालावं. गावातल्या तीन दुकानांत जाऊन "मशीन दाखवा" म्हणू नये, "आज फळीवर कोणती पट्टी आहे?" असं विचारावं. दोन दुकानांत जी हजर असेल, पंचवीसच्या डबीत मिळत असेल आणि जिची मुदत निदान वर्षभर बाकी असेल, ती पट्टी आपली. मग तिला लागणारी मशीन शोधावी, ती कितीही कुरूप असो.

पंचवीसचीच डबी का, हे पन्नासची घेतल्याशिवाय कळत नाही. समजा पन्नासची ९०० रुपयांना आहे आणि पंचवीसची ५००ला. पहिलीत पट्टी १८ रुपयांना पडते, दुसरीत २०ला. आपण अर्थातच पहिली उचलतो. पण अनेक कंपन्यांच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की उघडल्यापासून तीन महिन्यांत वापरा. गोळ्यांवर असलेला माणूस आठवड्यातून दोनदा तपासतो, म्हणजे तीन महिन्यांत २६ पट्ट्या. उरलेल्या २४ गेल्या. तीच पट्टी आता साडेचौतीस रुपयांना पडली. इन्सुलिन घेणाऱ्याच्या रोज दोन-तीन पट्ट्या जातात, त्यानं मात्र पन्नासचीच घ्यावी. डबी उघडली त्या दिवसाची तारीख झाकणावर पेननं लिहावी, कारण ती आठवत नाही.

आता मशीन खरं बोलते का? लागोपाठ दोनदा टोचून १४८ आणि १५६ आलं, म्हणून तिला खोटारडी ठरवू नये. आंतरराष्ट्रीय मानक एवढंच मागतं की शंभरातले ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावेत. शुगर १००च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. परीक्षा घ्यायची तर उपाशीपोटी लॅबमध्ये जावं, मशीन सोबत न्यावी आणि हातातून रक्त काढतात त्याच वेळी बोट टोचावं. लॅबनं १४२ सांगितलं आणि मशीननं १५५, तर फरक १३चा. १४२चे १५ टक्के म्हणजे २१. मशीन पास. जेवणानंतर ही परीक्षा घेऊ नये, तेव्हा बोटातल्या रक्तात साखर मुळातच जास्त असते. आणि नमुना वर्ध्याला जाणार असेल तर तो राखाडी झाकणाच्या नळीत घेतला का, ते पाहावं. साध्या नळीत पेशी वाटेतच साखर खात बसतात, लॅबचा आकडा उतरतो आणि शिव्या मशीनला बसतात.

कारंजा-आष्टीकडच्या मंडळींसाठी एक जादा सूचना. संत्रं सोलून थेट बोट टोचलं तर शुगर संत्र्याची येते. गोरसपाकाचा चुरा बोटाला असला तरी तेच. हात साबणानं धुवावेत आणि कोरडे पुसावेत. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे, मग ते सिकलसेलमुळे का असेना, त्यांना मशीन आकडा वाढवून सांगू शकते. त्यांनी तिच्यावर विसंबून गोळी वाढवू नये, लॅबमध्ये जावं.

राहिला मे महिना. बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं, ३० अंशांखाली ठेवा. हे ज्यानं छापलं त्यानं वर्धा पाहिलेलं नाही. पारा ४५वर गेला की मशीन थर्मामीटरचं चित्र दाखवून गप्प बसते. तिला थंड खोलीत अर्धा तास ठेवलं की ती बोलायला लागते. पट्टी मात्र गप्प बसत नाही, ती चुकीचा आकडा देते. उष्णतेसारखीच ओलही तिला बाधते, म्हणून डबी फ्रिजमध्ये नको, माठाशेजारी नको आणि कूलरच्या ओल्या झोतात तर मुळीच नको. घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवावी. पट्टी काढली की लगेच झाकण दाबून लावावं. उन्हात तापलेल्या गाडीतून येणाऱ्या कुरिअरनं पट्ट्या मागवायच्या असतील, तर त्या मार्चमध्येच मागवून घ्या.